पंधरा हजारांची चकली

दिवाळीच्या फराळाचा हिशोब सोसायटीने माझ्या गळ्यात घातला, कारण मी 'कॉम्प्युटरवाला'. एकूण ऑर्डरी पाच. चकली ४०० रुपये किलो: एक दोन किलोची, एक तीन किलोची. चिवडा ३०० रुपये किलो: दोन एक-एक किलोच्या, एक दोन किलोची. बोटांवर होणारा हिशोब, पण मी एक्सेलमध्ये पिव्होट टेबल केलं. हौस!

शीटमध्ये किलो आणि दर होते, रक्कम नव्हती. मग Calculated Field उघडून ऐटीत लिहिलं:

```
=किलो*दर
```

चकली आली ४००० रुपयांची, चिवडा ३६००, आणि खाली ग्रँड टोटल १५,३००. एक वेळ महागाई मान्य, पण चार हजार आणि छत्तीसशे मिळून पंधरा हजार?

निवृत्त मराठी शिक्षिका असलेल्या शेजारच्या काकूंनी वहीच्या मागच्या पानावर मांडलं: ३२००. मला मात्र ग्रँड टोटल फोडून बघावी लागली, तेव्हा चोर सापडला. हे फील्ड ओळीओळीने गुणत नाही. आधी सगळे किलो एकत्र करतं, मग सगळे दरही एकत्र करतं (दरांची बेरीज कोण करतं हो?), आणि मग गुणतं. चकलीचे किलो पाच, दर ४०० अधिक ४००. शेवटच्या ओळीत तर ९ गुणिले १७००.

गुणाकार मूळ डेटातच करायला हवा होता. तिथे 'रक्कम' नावाचा साधा कॉलम घातला, `=C2*D2` खाली ओढलं, पिव्होटची रेंज वाढवून रिफ्रेश केलं. ३२००. काकू "मग?" एवढंच म्हणाल्या.

Calculated Field अगदीच टाकाऊ नाही म्हणा. किलोमागे सरासरी किती पडले हे `=रक्कम/किलो` ने बरोबर निघतं: ३२०० भागिले ९, म्हणजे साधारण ३५५ रुपये ५६ पैसे. तिथे बेरजेला बेरजेनेच भागायचं असतं.

मग सभेसाठी वेगळा तक्ता केला. बरोबरचं चिन्ह टाकून पिव्होटमधल्या चकलीवर क्लिक केलं, तर एक्सेलने स्वतःच हे लांबलचक लिहिलं:

```
=GETPIVOTDATA("रक्कम",$G$3,"पदार्थ","चकली")
```

खाली ओढलं. चिवडाही २०००! चकलीचं नाव फॉर्म्युल्यात ठोकून बसवलेलं, ते जागचं हलेल कशाला? "चकली" खोडून तिथे तक्त्यातल्या नावाचा सेल `A2` टाकला आणि पुन्हा खाली ओढलं, तेव्हा चिवडा १२०० वर आला. नुसतं `=H4` लिहिलं असतं तर पिव्होटमध्ये एखादी ओळ वाढली की भलताच पदार्थ उचलला असता. इथे निदान पदार्थाच्या नावाने शोध होतो.

सभेत तक्ता पडद्यावर लावला. कुणीतरी उत्साहाने पिव्होटच्या फिल्टरमधून चिवड्याची खूण काढली. पिव्होटमध्ये जे दिसत नाही, ते GETPIVOTDATA ला सापडत नाही. माझ्या तक्त्यात चिवड्यासमोर `#REF!` उमटलं.

सभा गप्प. काकूंनी चष्मा वर केला.

"रेफ लिहिलंय खरं, पण रफार कुठाय?"