गोपुरापासून गर्भगृहापर्यंत: व्हिडिओतील निवेदनाला उत्तर

«प्रत्येक प्राचीन मंदिर म्हणजे उताणा झोपलेला माणूस आहे. गोपुर हे त्याचे पाय, सभामंडप हे पोट आणि गर्भगृह हे डोके. मूर्तीखाली तांब्याचा पत्रा पुरलेला असतो, तो चुंबकीय ऊर्जा खेचून भक्तांना देतो.»

पहिल्या दोन वाक्यांतील कल्पना मनगढंत नाही; दक्षिणेकडील आगमपरंपरेत ती सांगितली जाते आणि तमिळ प्रदेशातील प्राकार व गोपुरे असलेल्या मंदिरांना ती शोभतेही. चूक आहे ती «प्रत्येक» या शब्दात. सिन्नरच्या गोंदेश्वराला गोपुर नाही, त्यामुळे हे निवेदन तिथे वाचले तर त्या माणसाला पायच उरत नाहीत.

मात्र याच गोंदेश्वराच्या बाहेरील भिंतीपाशी उभे राहून नजर खालून वर नेली, तर दुसरे शरीर दिसू लागते, आणि ते झोपलेले नसून उभे आहे. नागर परंपरेच्या स्थापत्यग्रंथांत भिंतीच्या तळाच्या थराला खुर म्हणतात, मूर्तींनी भरलेल्या मधल्या भागाला जंघा, शिखर जिथे संपते त्या कडेला स्कंध आणि त्यावरच्या आखूड, आत गेलेल्या भागाला ग्रीवा. शिखराच्या दर्शनी बाजूस पुढे आलेला भाग तर शुकनास, म्हणजे पोपटाचे नाक. ही नावे घडवणाऱ्यांच्या रोजच्या परिभाषेतील आहेत; म्हणून महाराष्ट्रातील मंदिरावर बोलताना माझ्या मते निवेदन दारातून आत नेण्याआधी भिंतीवरून वर न्यायला हवे.

गर्भगृहाला डोके म्हणताना त्या शब्दातला गर्भ मात्र विसरला जातो. इ.स. १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात सभामंडपातून पायऱ्या उतरून खाली गर्भगृहात जावे लागते. उजेडातून अंधाराकडे, मोकळ्या जागेतून अरुंद जागेकडे आणि वरून खाली जाण्याचा तो अनुभव शिरापेक्षा उदराच्या जवळचा आहे.

तांब्याचे म्हणाल, तर लोखंड चुंबकाला चिकटते, तांबे चिकटत नाही. घरातील तांब्याच्या लोट्याला चुंबक लावून हे कोणालाही पाहता येईल. मुळात एक खरा विधी आहे, गर्भन्यास. मयमतासारख्या दक्षिणी ग्रंथांत त्यासाठी खण पाडलेले पात्र सांगितले आहे. त्यात रत्ने, धातू, धान्ये ठेवून ते बांधकामात पुरायचे. पात्र तांब्याचे असू शकते, पण त्याचे काम वीज किंवा चुंबकत्व गोळा करणे हे नाही. जमिनीत बीज पेरावे तसे ते वास्तूत ठेवलेले असते, आणि त्याला गर्भ म्हणतात. निवेदनात पत्र्याऐवजी हे पात्र आले, तर प्रतीकही टिकते आणि पदार्थविज्ञानाशी भांडणही उरत नाही.