चार मिलिमीटरचा अ‍ॅन्युरिझम: ऑपरेशनची घाई कशाला?

“मेंदूच्या नसेत फुगा निघाला म्हणजे डोक्यात टाइम बॉम्ब. साइज छोटी असो की मोठी, कधीही फुटतो. आमच्या ओळखीत एकाचा ५ एमएमचाच होता, तोही फुटला. रिपोर्टमध्ये दिसला की आठवड्याच्या आत ऑपरेशन करून घ्या. डॉक्टर ‘सहा महिन्यांनी परत स्कॅन करू’ म्हणाले तर डॉक्टर बदला.”

असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. त्यातला एकेक मुद्दा पाहू. ‘टाइम बॉम्ब’. बॉम्बची वेळ ठरलेली असते. इथे बहुतेकांच्या बाबतीत ती वेळ येतच नाही. प्रौढांमध्ये साधारण ३ टक्के लोकांना असा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे मेंदूच्या धमनीच्या भिंतीला आलेला फुगा असतो. लाखात तीन हजार. त्यातून रक्तस्राव होण्याचं प्रमाण जगभरात सरासरी वर्षाला लाखात दहाहून कमी आहे. फुटला तर मात्र प्रकरण गंभीर असतं, सुमारे तिघांतला एक दगावतो. म्हणून प्रश्न ‘आहे की नाही’ एवढाच नसतो. कुठे आहे, केवढा आहे आणि कोणाला आहे, हे पाहावं लागतं.

‘साइज छोटी असो की मोठी’. जपानच्या २०१२ सालच्या मोठ्या पाहणीत ३ ते ४ मिमीचे अ‍ॅन्युरिझम वर्षाला ०.३६ टक्के फुटले, ७ ते ९ मिमीचे १.६९ टक्के, आणि १० ते २४ मिमीचे ४.३७ टक्के. वरच्या बाजूला आणखी एक उंचवटा असेल, म्हणजे फुग्यावर छोटा फुगा, तर धोका साधारण दीडपटीहून जास्त.

जागेचं महत्त्वही तितकंच. पुढच्या दोन धमन्यांना जोडणारी अँटीरियर कम्युनिकेटिंग आणि तिच्या मागची पोस्टीरियर कम्युनिकेटिंग या जागा जास्त धोक्याच्या. उलट डोळ्यांमागच्या कॅव्हर्नस भागातला अ‍ॅन्युरिझम मेंदूच्या आवरणाबाहेर असतो. तो फुटला तरी सहसा मेंदूभोवती रक्त पसरत नाही.

हिशोब करून पाहू. ५८ वर्षांची बाई, बीपीची गोळी चालू, आधी रक्तस्राव नाही. एमआर अँजिओत, म्हणजे नसांच्या एमआरआयत, मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावर ४ मिमीचा अ‍ॅन्युरिझम. डॉक्टर वापरतात त्या PHASES गुणांकनात बीपीचा १, जागेचे २, आकाराचा ०: एकूण ३. पाच वर्षांत फुटण्याची शक्यता ०.७ टक्के. त्याच बाईला ८ मिमीचा अँटीरियर कम्युनिकेटिंगवर असता तर १, ४ आणि ३ मिळून ८ गुण, म्हणजे ३.२ टक्के. हे गुणांकन युरोप, अमेरिका आणि जपानच्या रुग्णांवरून बनलंय, त्यामुळे आपल्याकडे ते अंदाजापुरतंच धरायचं.

‘५ एमएमचाच होता, तोही फुटला’. खरं असेल. हॉस्पिटलात फुटून येणाऱ्यांत छोटे अ‍ॅन्युरिझम बरेच असतात, कारण मुळात छोटेच फार जास्त असतात. न फुटलेले हजारो कोणाच्या गप्पांत येत नाहीत.

‘आठवड्याच्या आत ऑपरेशन’. ऑपरेशन बिनधोक नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ साली काढलेल्या आकड्यांत कॉइलिंगसारख्या नसेतून केलेल्या उपचारांत सुमारे ५ टक्के आणि कवटी उघडून क्लिप लावताना सुमारे ८ टक्के रुग्णांत गुंतागुंत झाली. वरच्या बाईसाठी ०.७ टक्के टाळायला ५ ते ८ टक्के पत्करायचे, असा हा सौदा. चाळिशीतल्या माणसापुढे अनेक दशकं असतात, म्हणून तिथे निर्णय वेगळा पडू शकतो.

‘परत स्कॅन करू’. ही टाळाटाळ नव्हे. पहिला स्कॅन साधारण सहा ते बारा महिन्यांनी, मग वर्षाला किंवा दोन वर्षांनी. १ मिमी किंवा जास्त वाढ, अथवा आकार बदलून उंचवटा येणं, म्हणजे उपचाराचा विचार. यात गोंधळ होतो तो मोजमापात: पहिला सीटी अँजिओ ४.२ सांगतो, दुसरा एमआर ५.०, आणि घरात ‘वाढला!’ म्हणून रडारड. दोन तंत्रांत एवढा फरक निव्वळ पद्धतीचाही असतो. शक्यतो तेच तंत्र, तेच मशीन घ्या. रिपोर्टचा कागद पुरत नाही. जुनी सीडी नेऊन रेडिओलॉजिस्टला दोन्ही शेजारी ठेवून मोजायला सांगा. टीओएफ एमआरए या एमआर अँजिओच्या प्रकाराला रंगद्रव्याचं इंजेक्शन किंवा किरणोत्सर्ग लागत नाही, म्हणून वारंवारच्या तपासणीला तो बरा. पण ३ मिमीखालचं त्यात निसटू शकतं. पोस्टीरियर कम्युनिकेटिंगच्या मुळाशी ३ मिमीपर्यंतचा शंकूसारखा फुगवटा असेल आणि त्याच्या टोकातून नस निघत असेल, तर तो बहुधा अ‍ॅन्युरिझमच नसतो.

दरम्यान तंबाखू पूर्ण बंद आणि बीपी ताब्यात. अचानक क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी, किंवा एका डोळ्याची पापणी पडून बाहुली मोठी होणं, यांत मात्र पुढच्या स्कॅनची तारीख बघायची नाही. त्याच तासात न्यूरोसर्जरी असलेल्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जायचं.