प्री-अप्रूव्हल लेटरबद्दल खुलासा

होम लोनबद्दल एक मेसेज फिरतोय: “प्री-अप्रूव्हल लेटर आलं की लोन पक्कं, बिनधास्त टोकन द्या.”

हे खरं नाही. या टप्प्यावर बँकेने फक्त तुमचं उत्पन्न, चालू हप्ते आणि क्रेडिट स्कोअर पाहिलेला असतो. घर अजून ठरलेलंच नसतं. ते ठरलं की कागदपत्रं तपासली जातात, व्हॅल्युएशन होतं, म्हणजे बँक घराची किंमत स्वतः काढते, आणि खरा फटका बहुतेकदा तिथेच बसतो. समजा, सौदा 100 ला ठरला, व्हॅल्युएशन 90 आलं आणि बँक 80 टक्के देते. मग 80 नव्हे, 72 मिळतात. वरचे 8 तुमच्या खिशातून. पत्रातली मुदत आणि ‘अटींच्या अधीन’ ही ओळ नीट वाचा. मधे नोकरी बदलली किंवा नवं कर्ज घेतलं, तर आकडाही बदलू शकतो. टोकन देण्याआधी ‘लोन नामंजूर झाल्यास रक्कम परत’ हे लेखी घ्या. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.