मारामारी नाही, म्हणून गेम नाही?

दावा: "वॉकिंग सिम्युलेटर म्हणजे गेम नव्हेच. लढाई नाही, हरायची भीती नाही, नुसतं W दाबून चालत राहायचं. यूट्यूबवर पाहिलं तरी तेच."

लढाईचं आधी उरकून टाकू. टेट्रिसमध्येही कोणी कोणाला मारत नाही, आणि त्याला गेम म्हणायला आजवर कोणी कां-कूं केलेली नाही.

हरण्याचा मुद्दा त्यामानाने वजनदार आहे. पण भातुकलीत कोण हरतं? तरी तिथे नियम असतात आणि ते मोडले की भांडणंही होतात. 'गॉन होम' (2013) घ्या. साल 1995, बाहेर वादळ, परदेशातून परतलेली केटी आणि रिकामं घर. काय करायचं ते कोणी सांगत नाही. दिवे लावायचे, खण उघडायचे, चिठ्ठ्या वाचायच्या, कुलपांचे आकडे शोधायचे. एका बाथरूममध्ये टबात लाल डाग दिसतात. रक्त! आणि जवळच केस रंगवायच्या रंगाची बाटली असते. ती नीट पाहिली तर अंदाज कोसळतो, नाही पाहिली तर भीती मनात घेऊन पुढच्या खोलीत जाता. इथे जीव जात नाही, तर्क चुकतो. तो दुरुस्त करायचं काम खेळणाऱ्याचंच, 'गेम ओव्हर'ची पाटी त्यासाठी लागत नाही.

आता यूट्यूब. 'व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच'मधला (2017) लुइसचा प्रसंग कंट्रोलर हातात घेऊन खेळा. लुइस मासे डबाबंद करायच्या कारखान्यात कामाला आहे. उजव्या स्टिकने मासा उचलायचा, पात्याखाली न्यायचा, मुंडकं उडालं की पुढे टाकायचा. पुन्हा पुढचा मासा. तेवढ्यात त्याच्या मनातलं राज्य पडद्यावर उगवतं आणि तिथला राजा डाव्या स्टिकने चालवायचा असतो. आधी ते राज्य एका कोपऱ्यातला साधा भुलभुलैया असतं, मग वाढत वाढत कारखाना झाकून टाकतं. मासे मात्र येतच राहतात. थोड्या वेळाने लक्षात येतं, की उजवा हात आपसूक चालतोय आणि आपण केव्हाच त्या राज्यात गेलोय. लुइसचं जे होतं, ते तुमच्या बोटांचं होतं. व्हिडिओत हे दिसेल, पण बघणाऱ्याचा उजवा हात मोकळाच असेल ना!

सगळ्याच गेम्सची वकिली मी करणार नाही. 'डिअर एस्थर'मध्ये (2012) खरंच चालणं आणि बघणं, एवढंच आहे. तिथे निवेदनाचे तुकडे दर खेपेला थोडे वेगळे निवडले जातात, त्यामुळे दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत जुळत नाही. पण ती निवड यंत्राची, तुमची नव्हे. त्याला गेम म्हणताना मीही जरा अडखळतो. दोनेक तासांत संपणाऱ्या गेमला पूर्ण पैसे का मोजायचे, असं कोणी विचारलं तर तो वाद रास्त आहे. तो किमतीवर घाला.