बॉक्स बोलला, पण बँकेत किती आले?

«दुकानदार बंधूंनो, ऑनलाइन पैशांचा रोज हिशेब घालत बसू नका. बॉक्स बोलला की पैसे खात्यात. बॉक्स नाही बोलला तर गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरची हिरवी टिक बघा. यूपीआयला चार्ज नाही, म्हणजे जेवढे आले तेवढेच जमा होणार. सगळं बँकेत नोंदलेलं असतं, महिन्याला एकदा स्टेटमेंट काढलं की झालं.»

मी सांगलीत काही छोट्या दुकानांच्या वह्या लिहिते. त्यातल्या तिघांनी एकाच आठवड्यात हा निरोप मला पाठवला आणि त्यातल्या एकाने तर रोजच्या नोंदी बंदही केल्या. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बॉक्सबद्दल. काउंटरवरचा बॉक्स बँकेशी बोलत नाही. ज्या कंपनीचा क्यूआर तुम्ही लावला आहे तिच्या सर्व्हरवर पैसे आल्याची नोंद झाली की तिथून बॉक्सला संदेश येतो आणि तो रक्कम वाचतो. बॉक्समध्ये स्वतःचं सिम असतं. त्याची रेंज गेली तर पैसे येऊनही तो गप्प राहतो, नाहीतर पाच मिनिटांनी एकदम तीन रकमा बोलतो. अशा वेळी गिऱ्हाइकाकडून दुसऱ्यांदा पैसे घेतलेले मी पाहिले आहेत, आणि रात्री ते परत करताना झालेली ओशाळवाणी स्थितीही.

बॉक्स वेळेवर बोलला तरी पैसे तुमच्या खात्यात पोचले की नाही, हे क्यूआर कुठला आहे त्यावर ठरतं. स्वतःच्या बँक खात्याच्या यूपीआय आयडीचा साधा क्यूआर असेल तर प्रत्येक रक्कम सुटी आणि लगेच जमा होते. कंपनीच्या क्यूआरचं बहुधा वेगळं असतं. दिवसभराचे पैसे तिच्याकडे साठतात आणि दुसऱ्या दिवशी एकरकमी तुमच्या खात्यात येतात. यालाच सेटलमेंट म्हणतात. स्टेटमेंटमध्ये तुम्हाला साठ-सत्तर गिऱ्हाइकं दिसत नाहीत, एकच ओळ दिसते. ती ओळ कशाची बनली आहे ते फक्त कंपनीच्या ॲपमधल्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये सापडतं.

म्हणून आकडे दोन नाहीत, तीन आहेत: तुमच्या वहीतला, ॲपमधला आणि बँकेतला. वही आणि ॲप यांच्यातला फरक काउंटरवर काय झालं ते सांगतो. ॲप आणि बँक यांच्यातला फरक मधल्या मध्ये काय कापलं गेलं ते सांगतो. दोन्ही फरक एकत्र करून बघितले तर काहीच कळत नाही.

एका किराणा दुकानाचा एक दिवस घेते. मंगळवार, १३ मे २०२५. दुकानदारकाका प्रत्येक ऑनलाइन रक्कम वहीच्या उजव्या बाजूला टिपतात. रात्री त्यांची बेरीज आली १५,१८० रुपये. ॲपमध्ये त्या दिवसाचे ७४ व्यवहार होते, बेरीज १४,८६० रुपये. बुधवारी सकाळी बँकेत जमा झाले १४,२३५ रुपये.

पहिला फरक ३२० रुपयांचा. वहीतली एकेक रक्कम ॲपशी ताडून पाहिली तेव्हा दुपारची ३२०ची नोंद ॲपमध्ये कुठेच नव्हती. काका म्हणाले, «ताई, बॉक्स बोलला नव्हता, पण त्यानं मोबाइल दाखवला की.» नेहमीचं गिऱ्हाईक, लबाडीचा प्रश्नच नव्हता. त्याला विचारलं तर त्याच्या ॲपमध्ये तो व्यवहार आता पेंडिंग दिसत होता. घाईत त्याने फोन फिरवून दाखवला आणि गर्दीत काकांनी रंग पाहिला, शब्द वाचलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते पैसे त्याच्याच खात्यात परत आले आणि त्याने येऊन रोख दिले.

हे परत जाणं नियमाने होतं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार दुकानात यूपीआयने दिलेले पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले पण दुकानदारापर्यंत खातरजमा पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप गिऱ्हाइकाला परत मिळायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. नियम गिऱ्हाइकासाठी चांगलाच आहे. पण दुकानदाराच्या बाजूने बघा: तुमचा माल गेला, पैसे आले नाहीत, आणि आठवड्याच्या आत गिऱ्हाइकाचे पैसे त्याला परत मिळाले. त्याच रात्री कळलं तर माणूस आठवतो, रक्कम आठवते. महिनाअखेरीला ३२० रुपये कुणाचे, हे कोण सांगणार?

टिकवर विश्वास ठेवू नका असं म्हणण्यामागे पेंडिंग हे एकच कारण नाही. हुबेहूब हिरवा पडदा दाखवणारी बनावट ॲप्स फिरताहेत. जुना स्क्रीनशॉट दाखवणंही चालतं. इथे यूटीआर कामी येतो. यूपीआयच्या प्रत्येक व्यवहाराला बारा आकडी क्रमांक असतो. मी आजवर तपासलेल्या क्रमांकांत पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन आकडे तो वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. १३ मे २०२५ हा वर्षातला १३३वा दिवस, म्हणून त्या दिवसाचे क्रमांक ५१३३ने सुरू झालेले. आज दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर महिन्यापूर्वीचा दिवस निघाला तर शंका घ्यायला जागा आहे. पण आकडे बरोबर दिसले म्हणून पैसे आले असं नाही. बनावट पडदा कुठलेही आकडे दाखवू शकतो. शेवटचा शब्द तुमच्या फोनवरच्या ॲपचा, गिऱ्हाइकाच्या नाही.

आता दुसरा फरक, १४,८६० आणि १४,२३५ यांच्यातला. ६२५ रुपये. सेटलमेंट रिपोर्ट उघडला तर तीन वजावटी निघाल्या. बॉक्सचं महिन्याचं भाडं जीएसटी धरून १२५ रुपये. दुपारी एका बाईंनी तेलाची पिशवी परत केली होती, तिचे १५० रुपये काकांनी ॲपमधूनच परत केले होते. आणि ३५० रुपये कर्जाचा हप्ता. काकांनी सहा महिन्यांपूर्वी त्याच ॲपमधून कर्ज घेतलं होतं आणि त्याचा हप्ता रोजच्या जमेतून कापला जातो, हे ते विसरूनच गेले होते. १२५, १५० आणि ३५० मिळून ६२५. ताळा बसला.

यूपीआयवर दुकानदाराला शुल्क नाही हे बँक खात्यातून होणाऱ्या व्यवहारांपुरतं खरं आहे. १ जानेवारी २०२० पासून तसं आहे. पण वरच्या तिन्ही वजावटींचा त्या शुल्काशी संबंधच नाही. शिवाय आता गिऱ्हाईक तोच क्यूआर स्कॅन करून रुपे क्रेडिट कार्डातूनही पैसे देतं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंत त्यावर काही लागत नाही, त्यापुढच्या रकमेवर लागतं. वॉलेटमधून २,०००च्या वर पैसे आले तर त्यावरही दुकानदाराच्या बाजूने आकारणी होऊ शकते. किराण्यात हे क्वचित घडतं. भांड्यांच्या किंवा मोबाइलच्या दुकानात मात्र रोजचं आहे. काउंटरवर या सगळ्या रकमा सारख्याच ऐकू येतात.

वही लिहिणाऱ्यांची इथे मोठी चूक होते. बँकेत १४,२३५ आले म्हणून ऑनलाइन विक्री १४,२३५ लिहिली जाते. त्या दिवशी ॲपमधून खरी विक्री झाली १४,८६० वजा परत केलेले १५०, म्हणजे १४,७१० रुपये. १२५ रुपये हा दुकानाचा खर्च. ३५० रुपये हा सगळा खर्च नाही. त्यातलं व्याज तेवढं खर्चात जातं, मुद्दल कर्जातून वजा होतं. नुसती बँकेची ओळ उतरवली तर विक्री कमी दिसते, भाड्याचा खर्च हातचा जातो आणि कर्ज फिटत आलं तरी वहीत तेवढंच उभं राहतं. काकांच्या दुकानात असा फरक सहा महिने साचला होता. तो निस्तरायला मला दोन रविवार लागले.

बँक नोंद ठेवते, पण ते पैसे कशाचे हे तिला माहीत नसतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात छोट्या व्यापाऱ्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा आल्या. बेंगळुरूत काही दुकानांनी क्यूआर काढूनच टाकले. मालाच्या व्यापाराला नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपयांची आहे, आणि मर्यादा ओलांडली असं ज्यांच्या जमेवरून दिसत होतं त्यांतल्या अनेकांचं म्हणणं होतं की यात घरचे, उसने, भिशीचे पैसेही आहेत. असतीलच. पण ते दाखवायला रोजची नोंद लागते. दोन वर्षांपूर्वी भाच्याने पाठवलेले २०,००० रुपये उसने होते की विक्रीचे, ते स्टेटमेंट सांगत नाही. दुकानाचा क्यूआर वेगळ्या खात्याला जोडा आणि घरच्या माणसांना त्यावर पैसे पाठवू देऊ नका.

महिन्याला एकदा बघण्यात आणखी एक अडचण आहे, ती स्टिकरची. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रात्रीतून अनेक दुकानांबाहेरचे क्यूआर बदलल्याची बातमी आली होती. स्टिकर बदलला तर बॉक्स गप्प राहतो, ॲपमध्ये काही येत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर मात्र खरीखुरी टिक येते. सकाळी दुकान उघडल्यावर स्वतःच्या फोनने स्टिकर स्कॅन करायचा. पिन टाकण्याआधी पडद्यावर नाव येतं, ते आपलं आहे का एवढं वाचायचं आणि मागे फिरायचं. बाहेर लावलेला दुसरा स्टिकरही असाच तपासायचा, कारण बदलणारा तोच निवडतो.

काकांकडे आता रात्री दुकान बंद करताना वहीची बेरीज ॲपशी लागते. रक्कम जुळली नाही तर त्याच वेळी शोधली जाते. सकाळी चहाच्या वेळी बँकेत आलेली रक्कम आदल्या दिवशीच्या सेटलमेंटशी लागते आणि वजावट कशाची ते समोर लिहिलं जातं. दोन्ही मिळून पंधरा मिनिटं. रविवारची किंवा सणाची रक्कम कधी एक दिवस पुढे सरकते, म्हणून वहीत विक्रीची तारीख आणि जमेची तारीख असे दोन रकाने आखले आहेत. ३१ मार्चची विक्री १ एप्रिलला जमा होते, तेव्हा ती कुठल्या वर्षाची हा वाद या दोन रकान्यांमुळेच मिटतो.

ऑगस्टमध्ये एका सकाळी त्यांना १२५ रुपये दोनदा कापलेले दिसले. जुना बिघडलेला बॉक्स परत दिला होता, त्याचं भाडं चालूच होतं. त्यांनी त्याच दिवशी सेटलमेंट रिपोर्ट जोडून तक्रार केली. चार दिवसांनी पैसे परत आले, आणि ती जमाही त्यांनी वहीत वेगळी लिहिली, विक्रीत नाही.