मार्चचा एम

डोकं अजून तापलेलंच आहे म्हणून लिहितोय. सोसायटीच्या ग्रुपवर रंगपंचमीच्या मीटिंगचा मेसेज टाकला, इंग्रजीत, सगळं छोट्या अक्षरांत: ट्यूसडे, मार्च, रंगपंचमी, आणि शेवटी सगळ्यांनी मराठीत बोला वगैरे. येणार कोण, ते एकानेही सांगितलं नाही. आमच्या रिटायर्ड मास्तर काकांनी मात्र त्याचा स्क्रीनशॉट काढून लाल गोल मारले आणि ग्रुपवर परत टाकला. चार गोल.

सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर गाठलंच त्यांनी. प्लेटवर शेव पडायच्या आधीच सुरू. "काय भिया, वार, महिना, भाषा, सण, ही नावं आहेत. इंग्रजीत नावाला कॅपिटल लागतं. तुझं नाव छोटं लिहिलं तर चालेल?"

"चालेल काका. आणि फ्रेंच, स्पॅनिशवाले वार, महिने, भाषा छोट्या अक्षरांतच लिहितात."

"ते तिकडे. तू इंग्रजी लिहितोस, इंदुरात लिहितोस." दोन्ही मुद्दे एकाच सुरात. ठेलेवाल्यालाही पटलेलं दिसलं, त्याने त्यांना जिलबी जास्त वाढली. मग काका अजून फॉर्मात, "समरलाही मोठा एस घाल!"

आता हे मात्र चूक. इंग्रजीत ऋतूंना कॅपिटल नाही, समर, विंटर सगळे छोटे. सांगितलं तर म्हणतात, "इंदूरचा मे महिना पाहिलास ना? एवढा उन्हाळा आणि छोटा?" यावर काय बोलणार, पोहे खाल्ले.

देवनागरीत ही भानगडच नाही, मोठं-छोटं अक्षर असं काही असतच नाही, म्हणून आपण रोमनमध्ये टाइप करताना हात तसाच पळतो. आणि मला सांगा, दोस्ताला निरोप देताना ट्यूसडेचा टी छोटा पडला तर तो काय बुधवारी उगवतो? अर्जात, निमंत्रणपत्रिकेत घाला की कॅपिटल, मी कुठे नाही म्हणतोय.

घरी येऊन काकांचे जुने मेसेज काढले (हो, काढले). संडे मोठा, मंडे मोठा, एकदम चोख. आणि एका ठिकाणी: वुई मे मीट इन मे. दोन्ही मे छोटे! म्हणजे वारांची कॅपिटलं काकांची नाहीतच, त्यांच्या फोनची. संडेला दुसरा अर्थच नाही, म्हणून कीबोर्ड बिनधास्त सुधारतो. मे मात्र क्रियापदसुद्धा आहे, मार्चही तसाच, तिथे फोन अंदाज न बांधता जसं टाइप केलं तसं सोडून देतो. खरं कॅपिटल लागतं ते तिथेच, वाचणाऱ्याला महिना पटकन कळावा म्हणून, आणि नेमकं तिथेच मास्तर गायब.

हे ग्रुपवर टाकणार होतो, तोवर कमिटीने ठरवलंसुद्धा: यापुढे प्रत्येक नोटीस आधी काकांकडे. काल नर्मदेचं पाणी येणार नसल्याची नोटीस थर्सडेच्या मोठ्या टीसकट, एकदम शुद्ध आली. टाक्या दुपारीच कोरड्या झाल्या होत्या, नोटीस आली रात्री.