सहा महिने लपवून काय मिळतं?

"पहिले सहा महिने आपलं माणूस जवळच्या मैत्रिणींनाही दाखवू नका. दृष्ट लागते. मैत्रिणी कान भरतात. नातं पक्कं झालं की मग सगळ्यांना एकदम भेटवा."

विश्रामबागेतल्या माझ्या मावसबहिणीनं हे स्टेटसला ठेवलं, इतकंच नाही तर नेमानं पाळलं. त्यामुळं गप्प बसवत नाही.

दृष्टीवर मीठ-मोहऱ्या आहेत, पुढं चला.

मैत्रिणी कान भरतात म्हणे! १९९९ साली मॅकडोनाल्ड आणि रॉस यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना, त्यांच्या रूममेटना आणि आईवडिलांना विचारलं होतं, हे किती टिकेल? सर्वात ठाम विद्यार्थीच होते, आणि अंदाज जास्त चुकले तेही त्यांचेच. रूममेटचे बरे निघाले. (आईवडिलांचेही. हे घरी सांगू नका.) विद्यार्थ्यांना आपल्या नात्यातली कुरबुर माहीत होती, पण अंदाज करताना ते चांगलंच तेवढं धरून बसले. मैत्रीण नेमकं ते सोडलेलं बघते.

बहिणीनं शेवटी एकीला नेलं. मिसळीच्या टेबलावर तो परस्पर म्हणाला, "हिला मध्यम तिखट." ही पोरगी वरून कट मागून खाणारी, आणि गप्प बसली. मैत्रिणीनं नंतर एवढंच विचारलं, "तू बोलली का नाहीस?" एवढ्यावरून कुणी नातं मोडत नाही. पण पुढच्या वेळी तिनं स्वतःची ऑर्डर स्वतः दिली. तो हसून "बरं" म्हणतो की तोंड पाडतो, हे तेव्हा कळणार होतं आणि कळलं. हसला.

अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत अख्ख्या ग्रुपसमोर उभं करू नये. सांगलीत आयर्विन पुलावर दिसलेली जोडी संध्याकाळपर्यंत मामाच्या कानावर जाते, त्यात ग्रुपची भर कशाला? पण दोघांचं "आता दुसरं कुणी बघत नाही" असं ठरलं, की सहा महिने थांबायचं कारण उरत नाही. पोटात गोष्ट ठेवणारी एकच मैत्रीण, दिवसाउजेडी, तासाभराचा चहा. त्याला आधी विचारून. नंतर मैत्रिणीला "कसा वाटला?" विचारू नका, "छान आहे" एवढंच मिळतं. "मी त्याच्यासमोर नेहमीसारखी होते का?" असं विचारा.

आणि "पक्कं झाल्यावर" हा तर सगळ्यात घातक सल्ला. साखरपुडा ठरल्यावर कुठली मैत्रीण तोंड उघडेल? त्याहून वाईट म्हणजे तोवर तुम्ही कुणाबरोबर कुठं आहात, हे एकालाही ठाऊक नसतं. तो "अजून नको" म्हणाला तर कधी ते विचारा. संकोची माणूस "परीक्षा झाली की" असं काहीतरी ठरवून सांगतो आणि त्या दिवशी येतो. टाळणाऱ्याचं कारण दर वेळी नवं असतं, आणि त्याचेही मित्र तुम्हाला कधी भेटलेले नसतात.